एचबीएवनसीचा आकडा नेमक्या कोणत्या दिवसांची सरासरी सांगतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ७.४ टक्के लिहिले आहे. हे कशाचे टक्के?

रक्तातल्या साखरेचे नव्हेत. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि रक्तातली साखर त्याला आपोआप चिकटत राहते. ७.४ टक्के म्हणजे तुमच्या हिमोग्लोबिनपैकी शंभरातल्या साधारण साडेसात भागांना अशी साखर चिकटलेली आहे. एकदा पक्की चिकटलेली साखर ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. साखर जितकी जास्त आणि जितके जास्त दिवस, तितके चिकटण्याचे प्रमाण जास्त. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या तीन-चार महिन्यांचा हिशेब सांगू शकतो. पेशीचे हे आयुष्य लक्षात ठेवा. पुढच्या बहुतेक उत्तरांत तेच येणार आहे.

तपासणीआधी चार दिवस भात आणि गोड बंद केले तर आकडा खाली येईल का?

जवळजवळ नाही. चार दिवसांच्या पथ्याने उपाशीपोटीची साखर १६० वरून ११५ वर येऊ शकते आणि रिपोर्टच्या त्या ओळीवर सगळे छान दिसते. आधीच्या महिन्यांत चिकटलेली साखर मात्र तिथेच राहते. उपाशीपोटीची साखर ११५ आणि एचबीएवनसी ८.५ असा रिपोर्ट घेऊन बरेच जण येतात आणि लॅब चुकली असे म्हणतात. अशा वेळी बहुधा दोन्ही आकडे बरोबर असतात. एक आजच्या सकाळचा असतो आणि दुसरा मागच्या महिन्यांचा.

असा विरोधाभास दिसण्याचे आणखी एक साधे कारण आहे. पुष्कळांची सकाळची साखर खरोखरच चांगली असते, पण दुपारच्या शीत-कडीनंतरची कधी मोजलेलीच नसते. एचबीएवनसी सातच्या आसपास असताना वाढीव साखरेचा मोठा वाटा जेवणानंतरच्या तासांतून येतो. आकडा दहाच्या वर गेला की उपाशीपोटीच्या साखरेचा वाटा मोठा होतो. त्यामुळे सकाळची साखर ११० आणि एचबीएवनसी ७.६ असेल, तर पहिल्यांदा जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजून बघा. जेवण संपल्यापासून दोन तास मोजू नका.

तीन महिन्यांची सरासरी म्हणतात. मग तिन्ही महिने सारखेच धरले जातात का?

नाही, आणि रिपोर्ट वाचताना सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच होतो. शेवटच्या महिन्याचे वजन सर्वांत जास्त असते. ढोबळ हिशेब असा: तपासणीच्या आधीच्या ३० दिवसांतून आकड्याचा सुमारे निम्मा भाग येतो, त्याआधीच्या ३० दिवसांतून पाव भाग आणि त्याही मागच्या दोन महिन्यांतून मिळून उरलेला पाव भाग.

रक्त काढतात त्या दिवशी नळीत सगळ्या वयाच्या पेशी असतात. दहा दिवसांपूर्वी जन्मलेल्या पेशीने फक्त दहा दिवसांची साखर पाहिलेली असते. शंभर दिवसांच्या पेशीने शंभर दिवसांची पाहिलेली असते, पण तिनेही मागचे दहा दिवस पाहिलेले असतातच. मिठाच्या पाण्याच्या बरणीत रोज एक तोर टाकत गेलात आणि सर्वांत जुना रोज काढत गेलात तर असेच होईल. काल रात्रीचे मीठ सगळ्याच तोरांना लागलेले असते, चार महिन्यांपूर्वीचे मीठ मात्र तळाच्या एक-दोघांनाच.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी करू. समजा, फोंड्यातल्या एका गृहस्थांची साखर जून आणि जुलैत सरासरी १४० होती आणि ऑगस्टमध्ये १५०. सप्टेंबरच्या सुरुवातीला चवथ आली. पाच दिवस मोदक आणि पातोळ्या झाल्या, मग नातलगांकडची दर्शने, डब्यातल्या नेवऱ्या पुढे पंधरवडाभर पुरल्या आणि पावसामुळे सकाळचे चालणे बंद पडले. सप्टेंबरची सरासरी १९० झाली. त्यांनी ३० सप्टेंबरला रक्त दिले.

चारही महिने सारखे धरले तर सरासरी १५५ येते, म्हणजे एचबीएवनसी ७ असायला हवा. शरीर तसे मोजत नाही. १९० चा निम्मा भाग ९५, १५० चा पाव भाग ३७.५ आणि १४० चा पाव भाग ३५. बेरीज १६७.५ होते आणि ती सरासरी ७.५ टक्क्यांना जुळते. रिपोर्टवर ७.५ छापून येतो आणि घरात वाटते की चार महिने साखर वाढलेलीच होती.

ऑक्टोबरमध्ये चालणे पुन्हा सुरू झाले, डबे रिकामे झाले आणि सरासरी १४० वर आली असे धरा. ३१ ऑक्टोबरला तीच तपासणी केली तर १४० चा निम्मा भाग ७०, सप्टेंबरच्या १९० चा पाव भाग ४७.५, आणि जुलै-ऑगस्टच्या मिळून १४५ चा पाव भाग साधारण ३६. बेरीज १५४ च्या आसपास, म्हणजे ७ टक्के. एका महिन्यात आकडा अर्ध्या टक्क्याने खाली आला आणि गोळी एकही बदललेली नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना मागच्या महिन्यात काय घडले ते तारखेसह सांगा. चवथ, घरातले लग्न, ताप, गुडघ्यावर घेतलेले स्टिरॉईडचे इंजेक्शन, आठ दिवस संपलेल्या गोळ्या, यांतले काहीही शेवटच्या ३० दिवसांत असेल तर ७.५ चा अर्थ वेगळा लागतो. मे महिन्यात खाल्लेल्या मानकुरादचेही असेच. जूनअखेरच्या रिपोर्टमध्ये त्याचा वाटा पाव असतो. ऑगस्टअखेरच्या रिपोर्टमध्ये तो इतका थोडा उरतो की आंब्याला दोष देता येत नाही.

एचबीएवनसीखाली छापलेली ‘सरासरी साखर’ कुठून येते?

ती वेगळी मोजलेली नसते, एका सूत्राने काढलेली असते. एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचे आणि ४६.७ वजा करायचे. ६ टक्क्यांना १२६, ७ ला १५४, ८ ला १८३ आणि ९ ला २१२ येतात. एक टक्का वाढला की सरासरी सुमारे २९ ने वाढते, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

हे सूत्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आले. त्याच अभ्यासात दिसलेली एक गोष्ट रिपोर्टवर कधी छापली जात नाही: ७ टक्के एचबीएवनसी असलेल्या माणसांची खरी सरासरी १२३ पासून १८५ पर्यंत पसरलेली होती. १५४ हा त्यांतला मधला आकडा. दोन माणसांची साखर सारखी असूनही हिमोग्लोबिनला ती थोडी कमी-जास्त चिकटू शकते. म्हणून तुमच्या वहीतला आकडा १४० आणि रिपोर्टवरचा १५४ असेल तर काळजीचे कारण नाही.

माझ्या ग्लुकोमीटरची सरासरी आणि रिपोर्टवरची सरासरी यांत चाळीस-पन्नासचा फरक आहे. कोणावर विश्वास ठेवू?

लगेच कोणावरही नको. आधी वही तपासा. फक्त सकाळी उपाशीपोटी मोजलेल्या साखरेची सरासरी ही दिवसाची सरासरी नसते, ती बहुधा कमीच दिसते. तीन दिवस सात वेळा मोजा: तिन्ही जेवणांच्या आधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि पहाटे तीनला एकदा. बोट साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटाचा थेंब साखर भलतीच वाढवून दाखवतो. पावसाळ्यात पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की आपल्याकडची दमट हवा पट्ट्या बिघडवते. पट्टी काढल्याबरोबर झाकण लावा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका.

एवढे करूनही फरक ४० च्या पुढे राहिला, तर हिमोग्लोबिनकडे बघायची वेळ आली आहे.

अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी चुकतो का?

चुकू शकतो, आणि कोणत्या बाजूला चुकतो हे रक्त का कमी आहे त्यावर ठरते.

आपल्याकडे सर्वांत जास्त भेटणारे कारण म्हणजे लोहाची कमतरता. लोह कमी पडले की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात. रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते. जुन्या पेशींना साखर जास्त दिवस चिकटलेली असते, त्यामुळे साखर वाढलेली नसतानाही एचबीएवनसी वाढलेला दिसतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका उदाहरणाने पाहू. डिचोलीकडच्या ४६ वर्षांच्या बाई आहेत असे समजा. मेटफॉर्मिन चालू आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि जिना चढताना दम लागतो. एचबीएवनसी ७.९ आला, म्हणजे सूत्राने सरासरी १८०. घरी सात वेळा मोजलेले आकडे असे: सकाळी उपाशी ११२, नाश्त्यानंतर १५८, दुपारच्या जेवणाआधी ११८, नंतर १६४, रात्रीच्या जेवणाआधी १२४, नंतर १५६, पहाटे तीनला १०८. बेरीज ९४० आणि सरासरी १३४. फरक ४६ चा. दोन-तीन दिवस असेच आकडे आले, म्हणजे तो योगायोग नाही.

सीबीसी केली. हिमोग्लोबिन ८.९, पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ६८ आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६. एमसीव्ही ८० च्या खाली आणि फेरिटिन इतके कमी, म्हणजे लोहच संपलेले आहे. याच ठिकाणी नुसता ७.९ पाहून साखरेची दुसरी गोळी वाढवली असती तर काय झाले असते? ग्लिमेपिराईडसारखी गोळी १०८ च्या पहाटेच्या साखरेवर पडली असती आणि बाईंना पहाटे घाम फुटून थरथर सुटली असती.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. रक्त पातळ असताना ग्लुकोमीटर साखर थोडी जास्तच दाखवतो. म्हणजे या बाईंची खरी सरासरी १३४ पेक्षाही कमी असण्याची शक्यता आहे. खात्री करायची तर एका सकाळी उपाशीपोटी हाताच्या शिरेतले रक्त लॅबमध्ये द्यायचे आणि त्याच मिनिटाला बोटाचा आकडाही घ्यायचा.

उपचार म्हणजे लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्रावाचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधणे. गोळ्या सुरू केल्यावर लगेच एचबीएवनसी करू नका. लोह मिळाले की कोवळ्या पेशींचा पूर येतो, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो आणि आकडा काही आठवडे उलट खोटा कमी दिसतो. हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर तीन महिने थांबून केलेली तपासणीच धरायची. या उदाहरणात हिमोग्लोबिन १२ वर स्थिर होऊन तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी ६.९ येतो, म्हणजे सरासरी १५१, आणि वहीतली सरासरी १३६. आता दोन्ही जुळतात.

मग आकडा खोटा कमी कधी येतो?

पेशी वेळेआधी मरत असतील किंवा नव्या पेशी भराभर येत असतील तेव्हा. आम्हाला हीच बाजू जास्त धोक्याची वाटते, कारण ६.४ पाहून सगळेच निश्चिंत होतात.

मलेरियात तांबड्या पेशी फुटतात. व्हायव्हॅक्स मलेरियानंतर दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विनने जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या पेशी आणखी फुटतात. दोन-तीन महिन्यांत मलेरिया झाला असेल तर ते सांगितल्याशिवाय एचबीएवनसीचा अर्थ लावू देऊ नका. डॅप्सोन ही गोळी घेणाऱ्यांतही आकडा खाली जातो. शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात रक्त गेले, रक्ताची बाटली चढवली, किंवा डायलिसिसवर असताना रक्त वाढवण्याची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू असली, तरी हेच होते. गरोदरपणातही पेशी लवकर बदलतात. म्हणून गरोदरपणातला मधुमेह एचबीएवनसीवरून ठरवत नाहीत, त्यासाठी साखर पाजून केलेली तपासणीच लागते.

अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामीन सांगू शकतात. ती तपासणी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. तांबड्या पेशींचा तिच्याशी संबंध नसतो. मात्र लघवीतून प्रथिने जात असतील तर तीही फसवते.

रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन व्हेरियंट’ असा शेरा आला. म्हणजे काय?

थॅलेसिमिया मायनर, सिकल सेलचे वाहक किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा एखादा वेगळा प्रकार असलेल्या माणसांत काही यंत्रे आकडा चुकवतात. लॅबला दोन गोष्टी विचारा: कोणत्या पद्धतीने मोजले आणि त्या पद्धतीत हा प्रकार अडथळा आणतो का. बोरोनेट ॲफिनिटी पद्धत अशा बहुतेक प्रकारांत कमी चुकते. पण त्या प्रकारामुळे पेशीच लवकर मरत असतील तर कुठल्याही पद्धतीचा आकडा कमीच येणार.

मागच्या वेळी ७.२, या वेळी ७.५. साखर वाढली का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. एकाच नळीतले रक्त एकाच यंत्रावर दोनदा लावले तरी एक-दोन दशांशांचा फरक पडतो, आणि लॅब बदलली तर त्याहून जास्त. अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त बदल झाला तरच साखर खरोखर हलली असे धरतात. शक्य तर दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. एकदा म्हापशात, एकदा पणजीत आणि एकदा शिबिरातल्या हातयंत्रावर केलेले तीन रिपोर्ट शेजारी मांडून दशांशांची तुलना करू नका.

उपाशी जावे लागते का?

एचबीएवनसीसाठी नाही. पेज पिऊन गेलात तरी आकडा तोच येईल. सोबत उपाशीपोटीची साखरही करायची असेल तर मात्र उपाशी जा. जांभळ्या झाकणाच्या नळीत एचबीएवनसी आणि राखाडी झाकणाच्या नळीत साखर असे दोन वेगळे नमुने घेतले जातात.

माझा आकडा ७ आला. शेजारच्या काकांचाही ७. म्हणजे आमची साखर सारखीच का?

सरासरी सारखी असेल, दिवस सारखा असेलच असे नाही. एकाची साखर दिवसभर १२० ते १९० मध्ये फिरते. दुसऱ्याची इन्सुलिन घेतल्यावर पहाटे ५५ ला जाते आणि दुपारी जेवणानंतर २७० ला. दोघांचाही एचबीएवनसी ७ येऊ शकतो. दुसऱ्याचा ७ चांगला नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी एचबीएवनसीसोबत आठवड्यात निदान दोनदा पहाटे आणि जेवणानंतर मोजलेली वही नेली नाही, तर ५५ चे आकडे कुणालाच दिसत नाहीत.

बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या खालचे लक्ष्य ठेवतात. वयस्क, एकटे राहणाऱ्या, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा साखर खाली जाऊन आधी पडलेल्या माणसासाठी ८ पर्यंतचे लक्ष्य डॉक्टर मुद्दाम ठेवतात. ऐंशीच्या आजीला ७.८ वर ठेवले असेल तर तो निष्काळजीपणा समजू नका.

किती दिवसांनी पुन्हा करावी?

औषध बदलले असेल किंवा आकडा लक्ष्याच्या वर असेल तर तीन महिन्यांनी. सगळे स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. नवी गोळी सुरू करून तीन आठवड्यांनी केलेली तपासणी जुन्या आणि नव्या दिवसांची खिचडी दाखवते. तेवढ्यात फरक बघायचा असेल तर ग्लुकोमीटर पुरतो.

मधुमेह आहे की नाही हे याच आकड्यावरून ठरते का?

५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व आणि ६.५ किंवा वर मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तपासणी पुन्हा करतात किंवा उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर आहे का ते बघतात. रक्त कमी असलेल्या बाईचा ६.६ आला तर लोह भरून काढल्याशिवाय तिला मधुमेही ठरवणे चूक आहे.

लंडनमधल्या भावाच्या रिपोर्टवर ५३ लिहिले आहे. एवढा कसा?

तिथे टक्क्यांऐवजी वेगळे एकक वापरतात, एक मोल हिमोग्लोबिनमागे किती मिलिमोल साखर चिकटलेली आहे ते. ४८ म्हणजे आपले ६.५, ५३ म्हणजे ७, ६४ म्हणजे ८ आणि ७५ म्हणजे ९ टक्के. भावाचा ५३ आणि तुमचा ७ एकच आहे.